खाच जुळली, पण बोली जुळली का?

वेस्टर्न डिजिटलच्या ‘ब्लू’ मालिकेतल्या दोन पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवल्या, तर पहिल्या नजरेत त्यांतला फरक कळत नाही. दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब आहेत. दोन्हींवर निळसर लेबल आहे आणि दोन्ही ५०० जीबीच्या आहेत. एकीच्या लेबलवर मॉडेल क्रमांक आहे WDS500G2B0B आणि दुसरीच्या लेबलवर WDS500G2B0C. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे. पण पहिली पट्टी सेकंदाला साधारण ५६० मेगाबाइट वाचते, तर दुसरी २४०० पर्यंत जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जो लॅपटॉप पहिली पट्टी ओळखतो तो दुसरी ओळखेलच असं नाही. पहिली पट्टी साटा जातीची आहे आणि दुसरी एनव्हीएमई जातीची.

जुन्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवणं हा आता घरोघरी चालणारा उद्योग झाला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा तालुक्याच्या गावातलं संगणक दुरुस्तीचं दुकान गाठा, ‘एम डॉट टू आहे का?’ हा प्रश्न हमखास कानावर पडतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ‘एम.२’ हे फक्त आकाराचं नाव आहे. पट्टी केवढी, तिला पिना किती आणि स्क्रू कुठे लागतो, एवढंच त्या नावातून कळतं. त्या पिनांमधून पट्टी संगणकाशी कोणत्या बोलीत बोलणार, हे ते नाव सांगत नाही. खरेदीत होणारा बहुतेक घोटाळा इथेच होतो: आकार पाहून बोली गृहीत धरली जाते.

एका आकारात दोन बोली कशा आल्या

साटा ही जुनी बोली. ती फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी घडली. तिच्या तिसऱ्या पिढीत तारेतून सेकंदाला ६ गिगाबिट जातात. मात्र प्रत्येक बाइटसाठी तारेवर आठऐवजी दहा बिट पाठवावे लागतात, त्यामुळे कागदावरची कमाल मर्यादा ६०० मेगाबाइटची होते आणि प्रत्यक्षात हाती साधारण ५५० मेगाबाइट पडतात. पट्टीवरच्या चिप कितीही वेगवान असल्या, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ साली आली. ती चिपवरच्या साठवणुकीसाठीच आखलेली होती. ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने प्रोसेसरशी जोडलेलं असतं, तोच मार्ग ती वापरते. या मार्गावर मार्गिका असतात. चार मार्गिका आणि तिसऱ्या पिढीचा मार्ग मिळाला, तर वेग ३५०० मेगाबाइटच्या आसपास जातो. चौथ्या पिढीत तो ७००० च्या घरात पोचतो.

एम.२ हा आकार २०१३ च्या सुमारास आला, तेव्हा लॅपटॉप बारीक होत चालले होते आणि अडीच इंची डबीला त्यांत जागा उरली नव्हती. त्या वेळी साटा सगळीकडे होतं आणि एनव्हीएमई नुकतं कुठे येत होतं. म्हणून हा आकार ठरवणाऱ्यांनी एकाच स्लॉटमध्ये दोन्हींच्या तारांची सोय ठेवली. कोणत्या तारा प्रत्यक्षात जोडायच्या, हे त्यांनी मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांवर सोडलं. ही मोकळीक सोयीची होती. पण त्यामुळे वरून सारखे दिसणारे दोन स्लॉट आतून वेगळे असू शकतात, आणि त्याचा त्रास आज ग्राहकाला होतो.

त्यामुळे पट्टी घेताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: लांबी, खाच आणि बोली. पहिल्या दोन डोळ्यांनी दिसतात. तिसरी बहुतेक वेळा दिसत नाही, ती वाचावी लागते.

लांबी: आकड्यातच माप

पट्टीवर किंवा तिच्या खोक्यावर २२८०, २२४२, २२३० असा आकडा छापलेला असतो. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे रुंदी, आणि ती साठवणुकीच्या पट्ट्यांत जवळपास नेहमीच २२ मिलिमीटर असते. उरलेले अंक म्हणजे लांबी. २२८० ही ८० मिलिमीटरची आणि सर्वांत जास्त खपणारी. २२४२ ही ४२ मिलिमीटरची, काही बारीक लॅपटॉपमध्ये दिसते. २२३० जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी असते. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रात तीच लागते. २२११० म्हणजे ११० मिलिमीटर, आणि ती प्रामुख्याने सर्व्हरमध्ये असते. २२६० क्वचितच भेटते.

लांबीचा वेगाशी किंवा बोलीशी काही संबंध नाही. संबंध आहे तो पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या स्क्रूशी. त्या टोकाला अर्धगोल कापलेला असतो आणि त्याखाली मदरबोर्डवर पितळेची छोटी बैठक असते. बैठक पट्टीच्या टोकाशी तंतोतंत जुळली तरच स्क्रू बसतो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बहुधा तीन-चार भोकं असतात, त्यांच्या शेजारी ४२, ६०, ८०, ११० असे आकडे छापलेले असतात आणि बैठक काढून हव्या त्या भोकात लावता येते. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा एकच भोक असतं. तिथे लांब पट्टी बसतच नाही. आखूड पट्टी स्लॉटमध्ये जाते, पण तिचं दुसरं टोक अधांतरी राहतं. त्यासाठी पट्टीची लांबी वाढवणारी पातळ धातूची जोडपट्टी मिळते, ती वापरावी. चिकटपट्टी लावून काम भागवू नये. पट्टी तापते, चिकटपट्टी सैल होते आणि मग लॅपटॉप उचलताना ड्राइव्ह मधेच गायब होतो.

डेस्कटॉपवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. लांब पट्टी बसवताना मधल्या भोकातली बैठक तशीच राहिली, तर ती पट्टीच्या पोटाला टेकते. पट्टीच्या खालच्या बाजूलाही चिप असतील, तर पट्टी वाकते किंवा धातूचा स्पर्श होऊन शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून न लागणारी बैठक आधी काढावी.

जाडीही एकदा पाहून घ्यावी. काही पट्ट्यांच्या एकाच बाजूला चिप असतात, काहींच्या दोन्ही बाजूंना. लेबलवर कधी कधी पूर्ण सांकेतिक नाव असतं, उदाहरणार्थ 2280-S3-M किंवा 2280-D5-M. यातला एस म्हणजे एकाच बाजूला चिप, डी म्हणजे दोन्ही बाजूंना, त्यापुढचा आकडा जाडीचा आणि शेवटचं अक्षर खाचेचं. अगदी बारीक लॅपटॉपमध्ये दुहेरी पट्टी घातली की खालचं झाकण नीट बसत नाही. म्हणून अशा यंत्रांना एकेरीच पट्टी घ्यावी.

खाच: पिना मोजा

पट्टीच्या सोनेरी टोकाला पिनांच्या रांगेत एक किंवा दोन खाचा कापलेल्या असतात. स्लॉटमध्ये नेमक्या त्याच जागी प्लास्टिकचा एक दात असतो. दात आणि खाच जुळले तरच पट्टी आत जाते. साठवणुकीच्या पट्ट्यांमध्ये खाचेच्या दोन जागा महत्त्वाच्या आहेत. एकीला बी म्हणतात, दुसरीला एम.

पट्टी कोणत्या बाजूने धरली यावर डावं-उजवं बदलतं, म्हणून मी नेहमी पिना मोजायला सांगतो. खाचेमुळे पिनांचा एक छोटा गट मोठ्या रांगेपासून तुटलेला दिसतो. त्या छोट्या गटात एका बाजूला ५ आणि उलट बाजूला ४ पिना असतील, तर ती एम खाच. एका बाजूला ६ आणि उलट बाजूला ५ असतील, तर ती बी खाच. दोन्ही टोकांना असे छोटे गट असतील, म्हणजे खाचा दोन असतील, तर ती बी आणि एम अशी दुहेरी पट्टी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो मोठा करून पाहिला, तर पिना सहज मोजता येतात.

आता हे बोलीशी जोडून पाहू. फक्त एम खाच असलेल्या पट्टीला पीसीआय एक्सप्रेसच्या चारही मार्गिका मिळतात. म्हणून आज बाजारात मिळणारी एकट्या एम खाचेची पट्टी जवळपास नेहमी एनव्हीएमई असते. दोन खाचा असलेली पट्टी बी आणि एम अशा दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये जाते, पण तिला साटा किंवा फार तर दोनच मार्गिका मिळतात. म्हणून दोन खाचांची पट्टी बहुतेक वेळा साटा असते.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द इथे उगाच घातलेले नाहीत. दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही विकल्या गेल्या आहेत. किंग्स्टनची ए१००० आणि इंटेलच्या ऑप्टेन मेमरीच्या छोट्या पट्ट्या ही त्याची उदाहरणं. त्यांच्या दोन खाचा पाहून त्यांना साटा समजलं, तर नेमकं उलटं काम होतं. जुन्या बाजारात किंवा मित्राच्या खणात पडलेली पट्टी हाती आली, तर खाचेवरून अंदाज बांधावा आणि खात्री लेबलवरून करावी.

लेबलवर काय शोधायचं? PCIe, NVMe, Gen3 x4 असं काही लिहिलेलं असेल, तर ती एनव्हीएमई. SATA, 6Gb/s असं असेल, तर साटा. यांपैकी काहीच नसेल, फक्त M.2 SSD एवढंच असेल, तर मॉडेल क्रमांक पाहावा. सॅमसंगच्या एम.२ पट्ट्यांत MZ-N ने सुरू होणारे क्रमांक साटाचे, जसा ८६० ईव्हीओचा MZ-N6E500. MZ-V ने सुरू होणारे एनव्हीएमईचे, जसा ९७० ईव्हीओ प्लसचा MZ-V7S500. क्रमांक तसाच्या तसा टाकून कंपनीच्या तक्त्यात ‘इंटरफेस’ ही ओळ वाचली की शंका उरत नाही.

स्लॉट: तारा कुठे जातात

पट्टीची ओळख पटली, आता स्लॉटची पटवायची. अलीकडच्या लॅपटॉप आणि डेस्कटॉपमध्ये साठवणुकीचा स्लॉट बहुधा एम प्रकारचा असतो. त्यात एम खाचेची पट्टीही जाते आणि दोन खाचांचीही. म्हणजे साटा आणि एनव्हीएमई दोन्ही पट्ट्या त्यात खटकन बसतात, स्क्रूही लागतो. पण त्यामागच्या तारांच्या तीन शक्यता असतात. काही स्लॉटमागे फक्त पीसीआय एक्सप्रेसच्या तारा असतात, काहींमागे फक्त साटाच्या, आणि काहींमागे दोन्हींची सोय असते. किल्ली कुलपात शिरली म्हणजे कुलूप उघडेलच असं नाही, तसंच हे आहे.

दोन्हींची सोय असलेला स्लॉट समोरच्या पट्टीची जात कशी ओळखतो, तेही पाहण्यासारखं आहे. एम स्लॉटमधली ६९ क्रमांकाची पिन त्यासाठी राखून ठेवलेली आहे. साटा पट्टीत ही पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते. एनव्हीएमई पट्टीत ती मोकळी सोडलेली असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ही एक पिन तपासतो आणि त्यानुसार साटाच्या किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या तारा त्या स्लॉटकडे वळवतो. वळवायला दुसरी तारच नसेल, तर ओळख पटूनही उपयोग होत नाही.

सुदैवाने चुकीची जोडी बसवल्याने पट्टी जळत नाही. दोन्ही जातींना ३.३ व्होल्टच लागतात आणि वीज व ग्राउंडच्या पिना त्याच जागी असतात. चुकीच्या जोडीत पट्टी फक्त दिसत नाही. बायोसमध्ये तिचं नाव येत नाही आणि विंडोजमध्येही येत नाही. नुकसान होतं ते जोर लावून वेगळ्या खाचेच्या स्लॉटमध्ये पट्टी घुसवली तर. वायफाय कार्डाचा स्लॉटही असाच दिसतो, पण त्याचा दात वेगळ्या जागी असतो आणि तिथे यातली कोणतीच पट्टी जात नाही. अडकत असेल तर थांबावं, हाच नियम.

एका लॅपटॉपची गोष्ट

नाशिकला माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. त्याच्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, त्यात २५६ जीबीची पट्टी होती आणि ती भरली होती. जुनी पट्टी २२८० आहे हे पाहून त्याने १ टीबीची २२८० एनव्हीएमई मागवली. बॅटरीची जोडणी काढून त्याने ती व्यवस्थित बसवली, स्क्रू लावला, लॅपटॉप चालू केला. बायोसच्या यादीत ड्राइव्हच्या जागी काहीच नव्हतं. त्याने फोन केला: ‘मामा, बसलीय तर अगदी फिट्ट, पण दिसतच नाही. पट्टी खराब निघाली वाटतं.’

पट्टी खराब असू शकते, स्लॉट खराब असू शकतो किंवा दोघांची बोली जुळत नसेल. या तीन शक्यता एकेक करून वेगळ्या काढायच्या होत्या. मी त्याला आधी जुनी पट्टी परत लावायला सांगितली. ती लगेच दिसली, म्हणजे स्लॉट ठणठणीत होता. मग जवळच्या दुकानात नवी पट्टी डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर लावून पाहिली. तिथे ती बायोसमध्ये पूर्ण १ टीबी दाखवत होती, म्हणजे पट्टीही ठणठणीत होती. उरली ती बोली.

जुन्या पट्टीचा फोटो त्याने पाठवला. खाचा दोन होत्या आणि लेबलवर बारीक अक्षरात SATA 6Gb/s लिहिलं होतं. त्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये साटाच्या तारा आहेत, एवढं यावरून सिद्ध झालं. इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो बरेच जण गाळतात. जुनी पट्टी साटा आहे याचा अर्थ तो स्लॉट फक्त साटाचाच आहे, असा होत नाही. कारखान्यात स्वस्त म्हणून साटा पट्टी घातली असेल आणि स्लॉट दोन्हींचा असेल, असंही असू शकतं. उलटही तसंच. जुनी पट्टी एनव्हीएमई असेल, तर तो स्लॉट साटा चालवेल याची हमी नाही. जुन्या पट्टीवरून एवढंच पक्कं कळतं की तिच्याच जातीची दुसरी पट्टी चालेल.

शेवटचा निकाल कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलने दिला. लॅपटॉपच्या तळाला जो पूर्ण मॉडेल क्रमांक असतो तो टाकून आम्ही ते शोधलं. झाकणावरचं मालिकेचं नाव पुरेसं नसतं, कारण एकाच नावाखाली प्रोसेसरनुसार दोन-तीन वेगळे मदरबोर्ड असू शकतात. त्या मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटपुढे २२८० आणि साटा एवढंच लिहिलेलं होतं, पीसीआय एक्सप्रेसचा उल्लेखच नव्हता. प्रश्न संपला. त्याने पट्टी बदलून १ टीबीची साटा घेतली आणि ती पहिल्याच झटक्यात दिसली.

त्याला वाटत होतं, आपल्याला वेग कमी मिळाला. हिशेब केला तर तसं झालं नाही. त्या स्लॉटमधून ५५० मेगाबाइटच्या वर काही जाणारच नव्हतं. आणि लॅपटॉप उघडणं, ब्राउझर, वर्ड, प्रोग्रॅम चालवणं या रोजच्या कामात साटा एसएसडी आणि एनव्हीएमई यांतला फरक हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतल्या फरकाएवढा मोठा जाणवत नाही. तो जाणवतो मोठ्या फाइल हलवताना आणि व्हिडिओ संपादनात.

उलटा सापळा

याच्या बरोबर उलट उदाहरण लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० चं आहे. हा लॅपटॉप जुन्या बाजारात भरपूर मिळतो. त्यात मोबाइल सिमच्या मोडेमसाठी एक छोटा बी प्रकारचा स्लॉट असतो आणि मोडेम नसेल तर तो रिकामा राहतो. अनेक जण तिथे दुसरी पट्टी बसवतात. स्लॉट बी प्रकारचा, लांबी २२४२ ची, म्हणजे दोन खाचांची पट्टी लागणार. वर सांगितलेल्या अंदाजाने दोन खाचा म्हणजे साटा असं धरून कोणी साटा पट्टी आणली, तर ती तिथे दिसत नाही. त्या स्लॉटमागे पीसीआय एक्सप्रेसच्या दोन मार्गिका आहेत. तिथे २२४२ लांबीची, दोन खाचांची आणि तरीही एनव्हीएमई अशीच पट्टी लागते. लांबी, खाच, बोली हे तिन्ही प्रश्न वेगळे का विचारायचे, ते या एका स्लॉटवरून स्पष्ट होतं.

सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये हा गोंधळ नाही, कारण कंपनीने अटी नेमक्या लिहिल्या आहेत. तिथे २२३० ते २२११० पर्यंतच्या पाचही लांब्या चालतात, पण पट्टी चौथ्या पिढीच्या चार मार्गिकांची एनव्हीएमईच हवी. साटा चालत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं आहे. उष्णता शोषणारं धातूचं कवच धरून एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत लागते. लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांनी असा चार ओळींचा तक्ता खोक्यावर छापला, तर निम्मे फोन वाचतील.

पट्टी न काढता ओळख

आत आत्ता काय आहे हे पाहण्यासाठी दर वेळी लॅपटॉप उघडावा लागत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही ओळ टाका:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, BusType, Size
```

BusType खाली NVMe किंवा SATA असं उत्तर मिळतं. तिथे RAID दिसलं, तर घाबरू नका. इंटेलची साठवणुकीची एक खास व्यवस्था चालू असेल, तर खरी जात अशी झाकली जाते. तेव्हा FriendlyName खालचं मॉडेल नाव शोधून पाहावं. लिनक्समध्ये ही ओळ चालते:

```
lsblk -d -o NAME,TRAN,SIZE,MODEL
```

तिथे तर नावावरूनच कळतं. nvme0n1 असेल तर एनव्हीएमई, sda असेल तर बहुधा साटा किंवा यूएसबी, आणि TRAN ची ओळ त्यातलं नेमकं काय ते सांगते.

नवी पट्टी बसवल्यावर एक फसवं लक्षणही भेटतं. बायोसमध्ये पट्टी दिसते, पण विंडोज टाकताना ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असं येतं. हा बोलीचा दोष नाही. बायोसला ती दिसली याचा अर्थ तारा जुळल्या आहेत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या इन्स्टॉलरला आधी कंपनीचा स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. तो पेन ड्राइव्हवर घालून दिला की पट्टी यादीत येते. फार जुन्या यंत्रांत आणखी एक प्रकार होतो. जोडपट्टी लावून बसवलेली एनव्हीएमई विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. त्या काळच्या बायोसला एनव्हीएमईवरून सुरू होणं माहीतच नव्हतं. साधारण २०१४ च्या आधीच्या यंत्रांत हे धरून चालावं.

डेस्कटॉपवर एक वेगळी तक्रार ऐकू येते: एम.२ पट्टी लावली आणि आधीची हार्ड डिस्क नाहीशी झाली. अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आणि साटाच्या एक-दोन जोडण्या यांच्या तारा सामाईक असतात. एक वापरली की दुसरी बंद होते. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या जोडणीत लावली की ती परत दिसते. कोणती जोडणी बंद होते, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

यूएसबी केसिंगचा हिशेब

काढलेल्या जुन्या पट्टीचा पेन ड्राइव्हसारखा वापर करायला यूएसबी केसिंग मिळतं. तिथेही तेच प्रश्न आहेत. केसिंगच्या आत एक दुभाषी चिप असते, ती पट्टीची बोली यूएसबीत उलथवते. काही चिपना फक्त साटा येतं, काहींना फक्त एनव्हीएमई. रिअलटेकच्या RTL9210B सारख्या काहींना दोन्ही येतात. फक्त साटाच्या केसिंगमध्ये बऱ्याचदा बी प्रकारचा दात असतो, त्यामुळे एनव्हीएमई पट्टी आत जातच नाही आणि चूक तिथेच कळते. फक्त एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये मात्र दोन खाचांची साटा पट्टी आत जाते, दिवा लागतो, पण संगणकाला काहीच दिसत नाही. जात माहीत नसलेली पट्टी तपासायची असेल, तर दोन्ही बोली येणारं केसिंग थोडं महाग असलं तरी घ्यावं.

दुकानात जाताना

लॅपटॉप एकदा उघडला की तीन फोटो काढून ठेवा: जुन्या पट्टीच्या लेबलचा, तिच्या सोनेरी टोकाचा आणि रिकाम्या स्लॉटचा, त्यात स्क्रूची बैठक दिसेल असा. तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांकही लिहून घ्या आणि मॅन्युअलमधली एम.२ ची ओळ वाचा. मॅन्युअल मिळालंच नाही, तर जुन्या पट्टीच्याच जातीची, लांबीची आणि खाचेची नवी घ्या. ही निवड चुकत नाही.

बसवताना पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी पिना जवळजवळ पूर्ण आत गेल्या की हलकेच खाली दाबून स्क्रू लावा. पिना अर्ध्या बाहेर राहिल्या, तर योग्य पट्टीसुद्धा दिसत नाही आणि उगाच बोलीवर संशय येतो.

दुकानदाराला मग ‘एम डॉट टू द्या’ असं न सांगता ‘२२८०, एनव्हीएमई, एम खाच’ किंवा ‘२२८०, साटा, दोन खाचा’ असं पूर्ण सांगा. बिलावरही मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. पट्टी बदलून घ्यायची वेळ आली, तर काय मागितलं होतं आणि काय मिळालं याचा तोच पुरावा असतो.